असंघटित कामगार 92 टक्के की 74? सोलापूरच्या एका गल्लीचा हिशेब

सोनाली_सोलापूर

एम.ए. अर्थशास्त्र, दुसरं वर्ष. श्रम-सांख्यिकीच्या पेपरला असाइनमेंट आली आहे: सरकारी आकडेवारीत असंघटित कामगार कमी का मोजले जातात आणि व्याख्या बदलली की चित्र कसं बदलतं, ते उदाहरण घेऊन दाखवा. मी आमच्याच गल्लीतले आठ जण घेतलेत. विड्या वळणाऱ्या एक सासूबाई आणि त्यांची सून, सहा जणांच्या कारखान्यातला यंत्रमाग कामगार, एकाच मालकाच्या 25 जणांच्या कारखान्यात युनिफॉर्म शिवणारा टेलर (पीएफ नाही), ट्रस्टच्या शाळेतला हंगामी शिपाई (त्यालाही नाही), चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशी, स्वतःची रिक्षा चालवणारे काका आणि बँकेतला क्लार्क. माझं मत आहे की सरकार मुद्दाम कमी दाखवतं. पण या आठांपैकी कोणाला कुठे मोजायचं इथेच अडकलेय. तुमची मतं सांगा.

---

हिशेबनीस_62

सोनाली, ‘मुद्दाम’ हा शब्द आधी काढ. अर्जुन सेनगुप्ता आयोग सरकारनेच नेमला होता आणि 2004-05 सालासाठी देशातले सुमारे 92 टक्के कामगार असंघटित आहेत हे त्यानेच लिहिलं. शंभरातले ब्याण्णव मोजल्यावर आणखी किती मोजायचे?

उलट मला वेगळंच दिसतं. सरकारच्या पीएलएफएस या श्रमबळ सर्वेक्षणाच्या 2022-23 च्या अहवालात हा आकडा 74.3 टक्के आहे. म्हणजे अठरा वर्षांत अठरा टक्क्यांनी घट. पीएफ कार्यालय 2018 पासून दर महिन्याला नवीन खात्यांचे आकडे देतं, तेही वाढतच आहेत. मी बँकेत पस्तीस वर्षं काढली. ज्यांना पूर्वी हातात रोख पगार मिळायचा त्यांची खाती उघडताना मी स्वतः पाहिली आहेत. कामगार कमी मोजले जातात ही ओरड मला पटत नाही.

---

नितीन_पनवेल

माझं ई-श्रम कार्ड काढून दोन वर्षं झाली. अजून एक पैसा खात्यात आला नाही. मग मी मोजला गेलो की नाही? सोनालीताई, तुमच्या गल्लीतल्या लोकांचीही कार्डं काढून घ्या, म्हणजे संख्या आपोआप वाढेल.

---

दारोदार

नितीनभाऊ, ई-श्रम ही नोंदणी आहे. ज्याने स्वतःहून जाऊन नाव घातलं तो तिथे दिसतो. सोनालीचा प्रश्न सर्वेक्षणाचा आहे. तिथे कोणी नाव घालायला येत नाही. आपणच निवडलेल्या घराचं दार वाजवायचं आणि शेड्यूल भरायचं. दोन्हीची बेरीज करता येत नाही आणि एकाने दुसऱ्याची भरपाईही होत नाही. पैशाचं मात्र तुम्ही सेवा केंद्रावर विचारा. त्या कार्डाला दरमहा पैसे जोडलेले नाहीत.

मी सहा वर्षं कंत्राटावर अन्वेषक म्हणून काम केलं, त्यातली चार पीएलएफएसवर. म्हणून जरा लांब लिहिते.

हिशेबनीस काका, 92 आणि 74.3 ची वजाबाकी करू नका. हे दोन वेगवेगळ्या गोष्टींचे आकडे आहेत. सेनगुप्ता आयोगाचे 92 टक्के हे *कामगार* आहेत. माणूस कुठेही काम करो, मालकाकडून सामाजिक सुरक्षा मिळते का, हे त्यात पाहिलं. पीएलएफएसचे 74.3 टक्के हे *क्षेत्र* आहे. माणूस ज्या उद्योगात काम करतो त्याचा मालक कोण, एवढंच त्यात पाहतात. एकट्याची मालकी किंवा भागीदारी असेल तर तो असंघटित क्षेत्रात. त्याला पीएफ मिळतो की नाही याचा तिथे संबंध नाही.

शिवाय 74.3 मध्ये पिकांची शेती धरलेलीच नाही. 92 मध्ये ती आहे, आणि शेतीत तर जवळपास सगळेच असंघटित. त्यामुळे आकडा खाली येतो. दुसऱ्या बाजूला, आयोगाने असंघटित उद्योग म्हणायला दहापेक्षा कमी माणसांची अट घातली होती. पीएलएफएसला ती नाही. पन्नास जणांचा कारखाना एकट्याच्या मालकीचा असला तरी तो असंघटितच. त्यामुळे आकडा वर जातो. दोन बदल खाली ओढणारे, एक वर नेणारा. अशा दोन आकड्यांमधली ‘घट’ नक्की कशाची, हे कोणीच सांगू शकणार नाही.

तुलना करायचीच तर आयोगाचा क्षेत्राचा आकडा घ्या. तो त्याच वर्षासाठी सुमारे 86 टक्के होता. क्षेत्र 86, कामगार 92. मधल्या सहा टक्क्यांत मुख्यतः संघटित क्षेत्रातलीच पण सुरक्षा नसलेली माणसं आहेत, जवळपास 2 कोटी 90 लाख. तेव्हाच्या संघटित क्षेत्रातली जवळजवळ निम्मी. सोनालीचा ट्रस्टच्या शाळेतला शिपाई त्यांच्यातला. नाहीतर एका व्याख्येचीच मालिका घ्या. पीएलएफएसमध्ये 2017-18 ला असंघटित क्षेत्राचा वाटा 68 टक्क्यांच्या आसपास होता, 2022-23 ला तो 74.3 झाला. तुम्हाला जिथे घट दिसली तिथे प्रत्यक्षात वाढ आहे.

पीएफच्या आकड्यांबद्दल तुमचं निम्मं बरोबर आहे. खाती खरी आहेत, त्यांचा फायदाही खरा आहे. पण पीएफचा कायदा साधारण वीस माणसांपासून लागू होतो. कारखान्यात 19 जण होते आणि विसावा लागला, तर त्या महिन्यात वीस नवी खाती दिसू शकतात. नोकरी एकच वाढली. आधीचे एकोणीस जण कालपर्यंत त्याच टेबलावर बसत होते.

सोनाली, आता तुझी गल्ली. कागद घे आणि आठ नावांसमोर तीन रकाने आख. पहिला पीएलएफएसचं क्षेत्र, दुसरा आयोगाचं क्षेत्र, तिसरा आयोगाचा कामगार. सुनेचा रकाना सध्या कोरा ठेव. तिच्याबद्दल मला वेगळं सांगायचं आहे.

---

सोनाली_सोलापूर

ताई, भरून बघितलं. सुनेला सोडून सात कामगार.

पीएलएफएसच्या क्षेत्रात चार जण येतात: सासूबाई, यंत्रमागवाला, टेलर आणि रिक्षावाले काका. म्हणजे 57 टक्के. आयोगाच्या क्षेत्रात टेलर गळतो, कारण कारखाना 25 जणांचा आहे. उरले तीन, 43 टक्के. आयोगाच्या कामगारांमध्ये टेलर परत येतो, शिपाई येतो आणि मावशीही येतात. सहा जण, 86 टक्के.

माणसं तीच, गल्ली तीच, आणि 43 पासून 86 पर्यंत. मी दोनदा मोजलं. मावशी पहिल्या दोन्ही रकान्यांत नाहीत हे बरोबर आहे का? त्यांच्याहून असंघटित कोण असणार?

---

दारोदार

पीएलएफएसच्या रकान्यापुरतं बरोबर आहे. मावशी ज्यांच्याकडे काम करतात ती घरं आहेत, उद्योग नव्हेत. शेड्यूलमध्ये उद्योगाच्या प्रकाराला संकेतांक असतो. एकट्याची मालकी आणि भागीदारी 01 ते 04, मालकाचं घर 12. असंघटित क्षेत्राचा तक्ता काढताना 01 ते 04 घेतले की 12 बाहेर राहतो. मावशी कामगार म्हणून मोजल्या गेल्या आहेत, फक्त या तक्त्यात नाहीत. आयोगाने ‘असंघटित क्षेत्रात किंवा घरांमध्ये काम करणारे’ असं मुद्दाम लिहिलं, म्हणून तिसऱ्या रकान्यात त्या आल्या.

आता सून. ती एकाही रकान्यात नाही, कारण ती कामगारच धरली गेलेली नाही. तुझ्या असाइनमेंटचा खरा गाभा मला हा वाटतो. आधीचे सगळे बदल म्हणजे मोजलेल्या माणसांना या डब्यातून त्या डब्यात टाकणं. सून डब्यातच आलेली नाही.

हे कसं होतं ते सांगते. दुपारी तीनच्या सुमारास आपण घरी जातो. ओसरीवर सासूबाई सूप मांडीवर घेऊन बसलेल्या. शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, कात्री आणि पत्र्याचा साचा. त्या बोलता बोलता वळतायत, हाताकडे बघतही नाहीत. मी विचारते, घरात कोण काय करतं? मुलगा अमुक ठिकाणी, नातू शाळेत, मी विड्या वळते. आणि सूनबाई? ‘ती घरीच असते.’ माझं बोट टॅबवर 92 कडे जातं. 92 म्हणजे फक्त घरकाम. पुढच्या घरी जायचं आहे, दिवसाचं उद्दिष्ट आहे, आणि उत्तर तर मिळालं.

एकदा अशाच घरात सून पाणी घेऊन आली. तांब्या पुढे केला तेव्हा तिच्या बोटांची टोकं दिसली, तंबाखूने पिवळी झालेली. मग मी वेगळं विचारलं. काल पानं कोणी कापली? सूत कोणी बांधलं? हजार विड्या कार्डावर चढल्या, त्या एकट्या तुम्ही वळल्या का? सासूबाई हसल्या. म्हणाल्या, ‘आता या वयात हजार कुठल्या होतायत? चारशे-पाचशे तिच्याच असतात. पण कार्ड माझं आहे ना.’ कार्ड सासूचं, हजेरी सासूची, पीएफ सासूचा. सून स्वयंपाक उरकून दुपारचे चार तास आणि रात्री भांडी झाल्यावर पुन्हा तासभर बसते, वर्षभर.

तिला मोजायला व्याख्या बदलावी लागली नाही. आहे त्याच व्याख्येत ती बसते. वर्षातले तीस दिवस जरी काम केलं असेल तरी दुय्यम कामात ती येते. मी फक्त प्रश्न बदलला.

म्हणून सोनाली, ‘मुद्दाम’ हे मलाही पटत नाही. पण त्यामुळे गोष्ट हलकी होत नाही. असल्या किती घरांत मी 92 टाकून पुढे गेले असेन, ते माझं मलाच सांगता येत नाही.

---

गोदाकाठ_बीड

ताई, आमच्याकडे याचं नावच ‘कोयता’ आहे. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल मुकादम नवऱ्याच्या हातात देतो, हिशेब नवऱ्याच्या नावाने. बायको मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडी भरते, पहाटे चारला उठून भाकरी थापते. कारखान्याच्या कागदावर तिचं नाव नाही. माझ्या आईने बावीस हंगाम तोड केली. तिला कोणी विचारलं ‘काय करता?’ तर म्हणते, ‘काही नाही, मालकांबरोबर जायचे.’

आणि दिवाळीनंतर आमच्या गावात सर्वेक्षणवाला आला तर अर्ध्या घरांना कुलूप. म्हातारी माणसं तेवढी असतात. आम्ही तेव्हा कुठल्यातरी कारखान्याच्या पट्टीत कोपीत. तिथे कोण मोजतं?

---

दारोदार

दादा, कुलूप असलं की आम्हाला त्या घराऐवजी दुसरं घर घ्यायची मुभा असते. दुसरं घर म्हणजे जे उघडं आहे ते. तुमच्या गावात उघडं घर म्हणजे तोडीला न गेलेलं. नमुन्यातली घरांची संख्या पूर्ण भरते आणि तोडणारी माणसं विरळ होतात. कोपीतली माणसं तिथल्या यादीत यायला हवीत असं सूचनेत असतं. पण ज्या वस्त्या निवडल्या जातात त्यांची मूळ यादी 2011 च्या जनगणनेवरून आली होती, आणि कोप्या दर हंगामाला नव्या शेतात उभ्या राहतात. किती निसटतात हे मी सांगू शकणार नाही.

तुमच्या आईसाठी मात्र तीस दिवसांची अट पुरून उरते. सहा महिन्यांचं काम आहे ते. तिथे अडचण फक्त ‘मालकांबरोबर जायचे’ एवढ्याच वाक्याची आहे.

---

अरुंधती_ठाणे

मी इथे विरोधी मत मांडते. सगळे गृहीत धरतायत की जास्त मोजलं म्हणजे चांगलं मोजलं. 2017-18 मध्ये पंधरा वर्षांवरच्या बायकांचा श्रमबळातला सहभाग 23.3 टक्के होता, 2023-24 मध्ये 41.7. सहा वर्षांत देशात बायकांच्या नोकऱ्यांचा एवढा पूर आलेला कोणी पाहिलाय का? 2023-24 मध्ये काम करणाऱ्या बायकांपैकी 36.7 टक्के या घरच्या उद्योगात किंवा शेतात बिनपगारी मदतनीस होत्या. अन्वेषकाने नीट खोदून विचारलं की 92 चा 21, म्हणजे बिनपगारी मदतनीस, होतो आणि लगेच मथळा येतो: महिलांचा रोजगार वाढला. त्या बाईच्या हातात काल जेवढे पैसे होते तेवढेच आज आहेत.

म्हणूनच 2013 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या सांख्यिकी परिषदेने रोजगाराची व्याख्या आवळली. मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेलं तेच रोजगारात, स्वतःच्या घरी खायला पिकवलेलं वेगळ्या खात्यात. आपण अजून घरच्या वापरापुरती म्हैस सांभाळणाऱ्या बाईला कामगार म्हणतो, पण तेच दूध विरजून तूप कढवणारीला म्हणत नाही. यात तर्क कुठला? मी तर म्हणेन व्याख्या आवळा, संख्या कमी दिसू दे, पण त्या संख्येत मजुरी असू दे.

---

हिशेबनीस_62

अरुंधतीताईंशी मी सहमत. आणि दारोदार, क्षेत्र आणि कामगार मी एक केले, ती चूक मान्य. 68 चे 74 झाले हे मला माहीत नव्हतं. पण मग माझा प्रश्न उलटा उभा राहतो. दर वेळी व्याख्येचं कारण सांगून कोणताही आकडा नाकारता येत असेल तर धोरण कशावर आखायचं? शंभर जण म्हणतील माझी व्याख्या वेगळी.

---

दारोदार

काका, आकडा नाकारायचा नाही, त्याच्यावर लिहिलेलं वाचायचं. उदाहरणच देते. नोकरदार म्हणून नियमित पगारावर असलेल्या, शेतीबाहेरच्या लोकांपैकी 71.1 टक्क्यांकडे लेखी करार नव्हता, 54.2 टक्क्यांना भरपगारी रजा नव्हती आणि 49.6 टक्क्यांना सामाजिक सुरक्षा नव्हती. हे तिन्ही 2017-18 च्या एकाच अहवालातले आहेत. पेन्शनची योजना आखणाऱ्याने तिसरा घ्यावा. बेकायदा काढून टाकण्याविरुद्ध कायदा करणाऱ्याने पहिला घ्यावा. तीनपैकी एकच ‘खरा असंघटित’ म्हणून निवडला तर दोघांपैकी एकाचं काम चुकणार.

अरुंधतीताई, म्हशीबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. तुपाची रेघ मलाही कधी घरातल्या माणसांना समजावता आली नाही. पण विडीवाली सून त्या म्हशीसारखी नाही. तिच्या विड्या बाजारात जातात, त्यांची मजुरी येते, फक्त ती दुसऱ्याच्या कार्डावर चढते. 2013 ची आवळलेली व्याख्या लावली तरी ती आतच राहते. बीडच्या आईही आतच राहतात. तुमच्या आवळण्याने बाहेर जाणाऱ्या बायका वेगळ्या आणि दारातच गळणाऱ्या वेगळ्या. या दोघींना एका रांगेत उभं केलं की पैसे मिळवणारीचा हक्कही जातो.

---

अरुंधती_ठाणे

हे मी वेगळं केलं नव्हतं, मान्य. तरी मदतनीसांना रोजगारात धरून मथळे काढण्याला माझा विरोध कायम आहे. निदान दोन आकडे शेजारी शेजारी छापा, मजुरीसह आणि मजुरीविना.

---

सोनाली_सोलापूर

मी सुनेला धरून पुन्हा हिशेब केला आणि गोंधळले. आधी सातात सहा असंघटित कामगार होते, 86 टक्के. आता आठात सात, 87.5 टक्के. ताई, तुम्ही म्हणालात गाभा इथे आहे, पण टक्का तर दोननेसुद्धा वाढला नाही! सर म्हणतील फरकच पडत नाही.

---

दारोदार

तू टक्का काढलास म्हणून तसं दिसतंय. सून वर मिळवलीस तशी खालीही मिळवलीस. जिथे जवळजवळ सगळेच असंघटित आहेत तिथे आणखी कितीही असंघटित माणसं सापडली तरी वाटा हलत नाही. काकांना 92 वाचून ‘आणखी किती मोजायचे’ असं वाटलं ते यामुळेच. आता तीच गोष्ट बायकांपुरती बघ. गल्लीतल्या तुझ्या तीन बायकांपैकी आधी दोन कामगार होत्या, आता तिन्ही आहेत. असंघटितांच्या वाट्यात जे लपलं ते बायकांच्या काम-सहभागात लगेच दिसतं. कमी मोजणी शोधायची तर तिथे शोध, आणि कल्याण मंडळाचं बजेट बनवणाऱ्यासाठी डोकी मोज. त्याला सहा जणांचे पैसे पाठवायचेत की सात जणांचे, हे टक्क्यातून कळणार नाही.

आणखी एक रकाना घाल: कालावधी. 2025 पासून पीएलएफएसचे आकडे दर महिन्याला येतात, ते मागच्या सात दिवसांवर असतात. त्यात कुठल्याही एका दिवशी तासभर काम केलं तरी माणूस कामावर. ऐकायला सैल वाटतं. पण त्या आठवड्यात विडी कंपनीच्या ब्रँचला पानच आलं नाही किंवा सून माहेरी लग्नाला गेली, की ती गेली. वर्षभराच्या मोजणीत ती टिकते. मासिक आकडा वर्षाच्या आकड्याशेजारी ठेवून कोणी रोजगार घटला म्हणालं तर आधी हे तपास.

---

सोनाली_सोलापूर

आता शेवटचं. सुनेला 21 टाकू की 11, म्हणजे स्वयंरोजगार? आणि सासूबाईंना तर पीएफ आहे, तरी त्या असंघटित कशा?

---

दारोदार

सासूबाई स्वयंरोजगारात धरल्या जातात. माल दुसऱ्याचा, दर दुसऱ्याचा, छाट काढणारा दुसरा, तरी घरी बसून वळतात म्हणून 11. आयोगाची सुरक्षेची सूट फक्त नियमित नोकरदारांना आहे, स्वयंरोजगारवाल्यांना नाही. म्हणून पीएफ असूनही त्या तिसऱ्या रकान्यात येतात. मला हे चुकीचं वाटतं. 2018 च्या सांख्यिकी परिषदेने अशांसाठी ‘अवलंबित कंत्राटदार’ असा वेगळा वर्ग सुचवला. तो आपल्या तक्त्यांत असता तर सासूबाईंची जागा तिथे होती.

सुनेचं मी त्या दिवशी 21 टाकलं होतं. सुपरवायझरने छाननीत विचारलं, ती स्वतःच्या विड्या वेगळ्या मोजते का, त्यांचे पैसे वेगळे ठेवते का? ठेवत असेल तर 11. मला उत्तर देता आलं नाही, कारण मी तिला स्वतःला विचारलंच नव्हतं. सगळं सासूबाईंनीच सांगितलं होतं.

तू गल्लीतलीच आहेस. सासूबाई माल द्यायला ब्रँचवर गेल्या की जा आणि सुनेलाच विचार.